सुट्टीचं पत्र आणि भूतकाळ: मालवणच्या सहलीचा एक नमुना, ओळ न् ओळ उलगडून

भूतकाळ पक्का करायचा असेल, तर सुट्टीतल्या सहलीचं मित्राला किंवा मैत्रिणीला लिहिलेलं पत्र हा सरावाचा सगळ्यांत सोयीचा प्रकार आहे. निबंधात वर्णन करत बसता येतं, पत्रात मात्र काय काय घडलं ते सांगावंच लागतं. सांगायला लागलं, की क्रियापदाचं प्रत्येक रूप कधी 'मी'शी, कधी 'आई'शी, तर कधी चक्क 'तिकिटां'शी जुळवावं लागतं. मराठीत अडचण येते ती इथेच. काळाचे चार प्रकार पाठ असलेली मुलंही 'आईने मला पैसे दिलं' लिहितात, कारण चूक काळात नसते, जुळणीत असते.

हा लेख इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे पालक, परदेशातल्या मराठी शाळांचे शिक्षक आणि मोठेपणी मराठी शिकणारे यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. आधी पूर्ण पत्र दिलं आहे. ते एकदा मोठ्याने वाचा, मग पुढचं वाचा.

नमुना पत्र

ठाणे,
१८ नोव्हेंबर

प्रिय सायली,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच मिळालं होतं, पण आम्ही मालवणला गेलो होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. मी, आई, बाबा आणि ओंकार. चार दिवस राहिलो. परवा रात्री परत आलो आणि बॅगेतली वाळू अजून संपलेली नाही.

ठाण्याहून आम्ही रात्री कोकणकन्येत बसलो आणि सकाळी कुडाळला उतरलो. पुढे एसटीने गेलो. बाबांनी तिकिटं काढली, ओंकारने खिडकीची जागा पकडली आणि मी त्याच्याशी भांडले. शेवटी आईने दोघांनाही मागच्या सीटवर बसवलं. मालवण येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या आजी रोज पहाटे उठायच्या आणि आम्ही उठायच्या आत आंबोळ्यांचं पीठ ढवळायला घ्यायच्या. पहिल्या दिवशी मी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर इतक्या आंबोळ्या खाल्ल्या, की दुपारी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. आम्ही होडीत बसलो तेव्हा वारा सुटला होता आणि होडी चांगलीच हलत होती. ओंकार आईचा हात घट्ट धरून बसला होता. होडीवाले काका म्हणाले, की दुपारनंतर समुद्र अजून खवळतो. किल्ल्याजवळ पोहोचलो तरी दरवाजा दिसेना. दोन बुरुजांच्या मधून वळलो, तेव्हा तो एकदम समोर आला. गाइडने सांगितलं, की महाराजांनी हा किल्ला १६६४ साली बांधायला घेतला आणि तीन वर्षांत तो पूर्ण झाला. आम्ही शिवराजेश्वराचं मंदिर पाहिलं, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा पाहिला आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी पाहिल्या. चारी बाजूंना खारा समुद्र आहे आणि विहिरींचं पाणी गोड आहे! तिथल्या एका काकूंनी मला पाणी दिलं. मी दोन पेले प्यायले.

तिसऱ्या दिवशी खरी मजा आली. आम्ही तारकर्लीच्या किनाऱ्यावर चालत होतो, तेवढ्यात लांबून हाका ऐकू आल्या. वीस-पंचवीस माणसं दोन रांगांमध्ये उभी राहून एक भलंमोठं जाळं ओढत होती. त्याला रापण म्हणतात. ते जाळं त्यांनी आधीच होडीने समुद्रात सोडलं होतं. एका आजोबांनी आम्हाला बोलावलं आणि आम्हीही दोर ओढायला लागलो. माझे तळवे सोलवटले, पण मी दोर सोडला नाही. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात बांगडे तडफडत होते. आजोबांनी ओंकारला दोन बांगडे दिले. ते हातात वळवळले, तसे त्याने ते फेकूनच दिले! बाबांनी ते उचलले आणि आजींनी संध्याकाळी तळले.

शेवटच्या दिवशी आम्ही डॉल्फिन बघायला जाणार होतो, पण समुद्र खवळला होता, त्यामुळे होड्या सुटल्याच नाहीत. मला फार वाईट वाटलं. मग आईने बाजारातून खाजा घेतला. तुझ्यासाठीही एक पुडा ठेवलाय.

आणि एक सांगायचं राहिलं. तू दिलेली टोपी मी घेऊन गेले होते, पण ती होडीतून उडाली. रागावू नकोस. तू आली असतीस, तर रापण ओढायला आणखी मजा आली असती. काका-काकूंना नमस्कार सांग. पत्राचं उत्तर लवकर पाठव.

तुझी मैत्रीण,
अनघा

पहिलं वाक्य 'गेलो' नाही, 'गेलो होतो'

इंग्रजी व्याकरण आधी शिकलेल्या मुलांना वाटतं, की 'गेलो होतो' हे रूप वापरायला दोन घटना हव्यात, एक आधीची आणि एक नंतरची. मराठीत तशी अट नाही. 'आम्ही मालवणला गेलो होतो' हे वाक्य एकटंही पूर्ण आहे. त्याचा अर्थ गेलो, राहिलो आणि परत आलो. आता तो प्रसंग मिटला. उलट 'ताई मालवणला गेली' एवढंच म्हटलं, तर ऐकणारा विचारतो, 'मग परत कधी येणार?' म्हणून सुट्टीच्या पत्राची सुरुवात बहुतेक वेळा पूर्ण भूतकाळाने होते. एका वाक्यात सगळी सहल मागे टाकायची आणि मग साध्या भूतकाळात शिरून ती पायरीपायरीने सांगायची.

इथेच उलटी चूकही होते. सुरुवात 'गेलो होतो' अशी झाली, की मुलं पुढची सगळी वाक्यं त्याच साच्यात ओततात: 'आम्ही गाडीत बसलो होतो, मग उतरलो होतो, मग नाश्ता केला होता.' गोष्ट पुढे सरकतच नाही, कारण प्रत्येक वाक्य वाचणाऱ्याला मागे नेतं. घटनांची साखळी साध्या भूतकाळातच हवी: बसलो, उतरलो, काढली, पकडली, भांडले. मधेच 'होतं' लागलं, तर ते खरोखर आधी घडलेल्या गोष्टीसाठी. पत्रात हे रापणीच्या जागी दिसतं. अनघा पोहोचली तेव्हा माणसं जाळं ओढत होती. जाळं सोडलं होतं ते त्याआधी.

मुंबईकडे बोलताना 'आम्ही मालवणला गेलेलो', 'मी सांगितलेलं' असं सर्रास ऐकू येतं. मित्राला लिहिताना त्यात काही बिघडत नाही, पण परीक्षेच्या पत्रात 'गेलो होतो', 'सांगितलं होतं' असंच लिहावं.

तिसरं एक रूप याच कुटुंबातलं आहे: 'तुझ्यासाठी एक पुडा ठेवलाय', म्हणजे 'ठेवला आहे'. शाळेच्या पुस्तकात हा पूर्ण वर्तमानकाळ. घटना घडून गेली, पण तिचा परिणाम पत्र लिहिताना समोर आहे. पुडा अजून घरात आहे. याचं नकारार्थी रूप करताना गडबड होते. 'संपली आहे'च्या उलट 'संपली नाही' न होता 'संपलेली नाही' होतं. 'संपली नाही' हे साध्या भूतकाळाचं नकारार्थी रूप. बॅगेतली वाळू आजही निघते आहे, म्हणून पत्रात 'अजून संपलेली नाही' असं आहे.

क्रियापद कोणाशी जुळतं

सरावाचा निम्मा वेळ इथे द्यावा. साध्या आणि पूर्ण भूतकाळात मराठी क्रियापद नेहमी कर्त्यामागे जात नाही. पत्रातली ही चार वाक्यं शेजारी ठेवून बघा.

मी त्याच्याशी भांडले.
बाबांनी तिकिटं काढली.
आईने दोघांनाही मागच्या सीटवर बसवलं.
आजोबांनी ओंकारला दोन बांगडे दिले.

पहिल्या वाक्यात कर्म नाही. भांडणे, बसणे, उतरणे, पोहोचणे ही क्रियापदं अकर्मक, म्हणून ती कर्त्याशी जुळतात. पत्र लिहिणारी मुलगी आहे, म्हणून 'भांडले'. मुलगा असता तर 'भांडलो'. पण 'आम्ही' आलं, की मुलगा-मुलगी फरक संपतो: आम्ही बसलो, आम्ही उतरलो. मुलग्याने लिहिलेला नमुना समोर ठेवून मुलगी पत्र लिहिते, तेव्हा एखादं 'गेलो' हमखास तसंच राहून जातं. (कोल्हापूरकडच्या मुली बोलताना 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात, आणि ते तिथलं अस्सल बोलणं आहे. प्रमाण मराठीच्या सरावात मात्र 'आले', 'गेले' धरावं.)

दुसऱ्या वाक्यात 'काढणे'ला कर्म आहे. तिकिटं काढली गेली, म्हणून क्रियापद 'तिकिटं' या नपुंसकलिंगी अनेकवचनाशी जुळलं आणि 'बाबां'ना 'नी' लागला. बाबांचं लिंग, वचन इथे क्रियापदाच्या कामाचं नाही. बाबांच्या जागी आई आली, तरी 'आईने तिकिटं काढली'. पण तिकिटांच्या जागी पास आला, तर 'बाबांनी पास काढला', पावती आली तर 'बाबांनी पावती फाडली'.

मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागत नाही, आणि त्यामुळेच घोटाळा वाढतो. 'मी आंबोळ्या खाल्ल्या' या वाक्यात 'मी' साधाच दिसतो, म्हणून मुलांना वाटतं, की क्रियापद त्याच्याशी जुळवायचं, आणि 'मी आंबोळ्या खाल्ले' लिहिलं जातं. हिंदीची सवय असलेले दुसऱ्या टोकाला जाऊन 'आम्हीने', 'मीने' लिहितात. यावर एक साधी युक्ती आहे: 'मी'च्या जागी मनात 'आईने' घालून वाक्य म्हणून बघायचं. 'आईने आंबोळ्या खाल्ल्या.' जे रूप तिथे कानाला बरोबर वाटतं, तेच 'मी'बरोबर.

तिसऱ्या वाक्यात कर्म आहे, पण त्याला 'ना' लागलाय: दोघांना. कर्माला 'ला' किंवा 'ना' लागला, की क्रियापद त्याच्याशीही जुळत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. आईने ओंकारला बसवलं, आईने मुलींना बसवलं, आजोबांनी आम्हाला बोलावलं. कर्म कितीही बदला, क्रियापद जागचं हलत नाही.

चौथ्या वाक्यात मुलं हाच नियम चुकीच्या ठिकाणी लावतात. 'ओंकारला' दिसला, की 'ला आहे, म्हणून दिलं' असा निष्कर्ष निघतो. पण ओंकार इथे घेणारा आहे, दिली गेलेली वस्तू बांगडे आहेत, आणि बांगड्यांना काहीच लागलेलं नाही. म्हणून 'दिले'. देणे, सांगणे, दाखवणे, पाठवणे या क्रियापदांपाशी 'काय?' असा प्रश्न विचारावा. काय दिले? बांगडे. उत्तर मिळालं, की त्याच्याशी जुळवायचं. ओंकारला टोपी दिली, ओंकारला पाणी दिलं, ओंकारला पैसे दिले.

आता अपवाद, आणि सुट्टीच्या पत्रात हे अपवाद पावलोपावली येतात. काही क्रियापदांना कर्म असूनही ती कर्त्यालाच धरून राहतात: पिणे, शिकणे, विसरणे, म्हणणे, बोलणे, भेटणे. म्हणून अनघा 'मी दोन पेले प्यायले' म्हणते. इथले 'प्यायले' हे पेल्यांचं रूप नाही, मुलीचं आहे. ओंकारने लिहिलं असतं, तर पेले दोनच राहून 'प्यायलो' झालं असतं. तसंच 'मी छत्री विसरले', 'तो पोहायला शिकला', 'होडीवाले काका म्हणाले'. जेवणे हेही कर्त्याबरोबरच जातं: 'मी जेवले'. खाणे मात्र कर्माबरोबर. एकाच वाक्यात 'आंबोळ्या खाल्ल्या' आणि 'जेवलेच नाही' ही दोन्ही रूपं मुद्दाम आणली आहेत ती त्यासाठीच.

सहायक क्रियापद लागलं, की निर्णय ते घेतं. 'ओढणे' सकर्मक असलं, तरी 'आम्ही दोर ओढायला लागलो', कारण 'लागणे' कर्त्यामागे जातं. तसंच 'आम्ही फोटो काढू शकलो नाही'. 'आम्ही फोटो काढू शकले नाहीत' ही चूक वर्गात नेहमी दिसते.

केले की केलं

'केले, पाहिले' असं लिहायचं की 'केलं, पाहिलं', हा प्रश्न हमखास येतो. औपचारिक लेखनात पहिलं, घरगुती पत्रात दुसरं शोभतं, आणि एका पत्रात एकच धरावं. सरावासाठी मात्र 'केलं'चीच शिफारस करावीशी वाटते. कारण असं, की 'पत्र लिहिले' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'धडे लिहिले' हे पुल्लिंगी अनेकवचन कागदावर एकसारखंच दिसतं. मुलाने विचार करून लिहिलं, की अंदाजाने ठोकून दिलं, ते तपासणाऱ्याला कळत नाही. 'पत्र लिहिलं' आणि 'धडे लिहिले' असं वेगळं लिहायला लावलं, की चूक लगेच उघडी पडते.

मागचा पडदा: हलत होती, उठायच्या

घटना घडत असताना आजूबाजूला जे चाललं होतं, ते अपूर्ण भूतकाळात येतं: होडी हलत होती, माणसं जाळं ओढत होती, बांगडे तडफडत होते. हा काळ मिठासारखा वापरावा. एका प्रसंगाला एक-दोन वाक्यं पुरतात, आणि त्यानंतर लगेच साध्या भूतकाळातली घटना हवी. 'आम्ही चालत होतो' एवढ्यावर वाक्य सोडलं, तर वाचणारा अधांतरी राहतो. 'तेवढ्यात लांबून हाका ऐकू आल्या' म्हटलं, की दोन्ही काळांचं काम स्पष्ट होतं. तेवढ्यात, इतक्यात, तोच, तेव्हा हे शब्द सरावाच्या वहीत एका बाजूला लिहूनच ठेवावेत.

पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींसाठी रीती भूतकाळ आहे. पाठ्यपुस्तकात त्याचं रूप 'उठत असत', 'करत असे' असं दिलेलं असतं. ते बरोबर आहे, पण मैत्रिणीच्या पत्रात ते धोतर-पगडी घालून आल्यासारखं वाटतं. पत्रात 'उठायच्या', 'घ्यायच्या' असंच लिहावं. मी खायचो किंवा खायचे, तू खायचास किंवा खायचीस, तो खायचा, ती खायची, आम्ही खायचो, त्या खायच्या. 'रोज', 'दर संध्याकाळी', 'लहानपणी' असा शब्द वाक्यात असेल, तर हे रूप हवंय का, ते तपासावं.

या दोन काळांत एक मोठी सोय आहे: 'ने' लागतच नाही आणि क्रियापद सरळ कर्त्यामागे जातं. आजी आंबोळ्या करत होत्या. आजी आंबोळ्या करायच्या. पण आजींनी आंबोळ्या केल्या, आजींनी आंबोळ्या केल्या होत्या. भूतकाळात 'ने' येतो तो क्रियापदात 'ल' आला, की. हे लक्षात राहिलं, तर 'आईने करत होती', 'बाबांनी आणायचे' अशा चुका आपोआप गळतात.

पत्रात दोन रूपं या चौकटीबाहेरची आहेत. 'दरवाजा दिसेना' म्हणजे बघायचा प्रयत्न चालू होता, पण दिसत नव्हता. दार उघडेना, ओंकार ऐकेना, पाऊस थांबेना. कथनात हे रूप फार जिवंत वाटतं आणि मराठी शिकणारे ते जवळजवळ वापरतच नाहीत. दुसरं 'बघायला जाणार होतो': ठरलं होतं, पण झालं नाही. सहलीच्या पत्रात फसलेला बेत असतोच, त्यामुळे याचा सराव सहज होतो.

जे अजून तसंच आहे ते वर्तमानात

'सिंधुदुर्ग किल्ला समुद्रात होता' असं लिहिलं, तर किल्ला बुडाला की काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. सहल संपली, किल्ला तिथेच आहे. म्हणून 'चारी बाजूंना खारा समुद्र आहे', 'त्याला रापण म्हणतात'. भूतकाळाचा सराव म्हणजे प्रत्येक वाक्याला 'होता' लावणं नव्हे, हे मुलांना एकदा स्पष्ट सांगावं लागतं.

दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही हेच. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं, की आतलंही बहुतेक वेळा मागे सरकतं. मराठीत ते जसं बोललं गेलं तसंच राहतं. काका बोलले ते शब्द होते, 'दुपारनंतर समुद्र अजून खवळतो.' पत्रात झालं, 'काका म्हणाले, की दुपारनंतर समुद्र अजून खवळतो.' इथे 'खवळत होता' लिहिलं, तर अर्थच बदलतो. काका पूर्वीच्या कुठल्यातरी दुपारबद्दल सांगत होते, असं वाटतं. सर्वनामही तसंच ठेवता येतं: 'ओंकार म्हणाला, की मला भूक लागलीय.' 'ओंकार म्हणाला, की त्याला भूक लागली होती' यातला 'त्याला' म्हणजे कोण, हा प्रश्न उरतो.

स्वतःचं पत्र कसं बांधायचं

कोऱ्या कागदावर थेट पत्र लिहायला बसवू नका. आधी वहीत घडलेल्या गोष्टी नुसत्या क्रियापदांनी उतरवायच्या, साधारण बारा-पंधरा: बसणे, उतरणे, काढणे, पकडणे, भांडणे, खाणे, पाहणे, पिणे. प्रत्येकापुढे 'काय?' विचारून कर्म लिहायचं आणि त्याचं लिंग-वचन शेजारी नोंदवायचं: काढणे, तिकिटं, ती तिकिटं, अनेकवचन. खाणे, आंबोळ्या, त्या. बसणे, कर्म नाही. लिंग आठवत नसेल, तर नामाआधी तो, ती, ते लावून बघावं. त्यानेही जमेना, तर शब्दकोश काढावा, अंदाज करू नये.

याच वेळी अनियमित रूपं वेगळी काढून ठेवावीत. करणे-केला, जाणे-गेला, येणे-आला, देणे-दिला, घेणे-घेतला, खाणे-खाल्ला, मागणे-मागितला, सांगणे-सांगितला, बघणे-बघितला, पाहणे-पाहिला, धुणे-धुतला. काहींत मधे 'आ' येतो: निघाला, पळाला, उडाला, मिळाला, बुडाला, म्हणाला. यांना नियम शोधत बसण्यात अर्थ नाही, ती पत्रात वापरूनच बसतात.

मग ही यादी साध्या भूतकाळात सलग लिहायची. एवढ्याने पत्राचा कणा तयार होतो. त्यानंतर दोन-तीन ठिकाणीच मागचा पडदा टाकायचा, एक सवयीची गोष्ट घालायची, एक फसलेला बेत, आणि सगळ्यांत शेवटी वर 'गेलो होतो'चं वाक्य बसवायचं. मायना आणि शेवट यांवर फार वेळ घालवू नये: गाव, तारीख, 'प्रिय' आणि नाव, नमस्कार, घरच्यांची विचारपूस, 'तुझा मित्र' किंवा 'तुझी मैत्रीण'. शाळेने ठरवून दिलेला आराखडा असेल, तर तो पाळावा.

पत्र झालं, की ते पुन्हा लिहायला लावणं हा खरा सराव. वरचंच पत्र ओंकारने लिहिलंय असं समजा: भांडले, जेवले, प्यायले, घेऊन गेले होते ही रूपं बदलतील, पण 'मी आंबोळ्या खाल्ल्या' आणि 'मी दोर सोडला' तशीच राहतील. काय बदललं आणि काय बदललं नाही, हे मुलाने स्वतः अधोरेखित केलं, की कर्ता आणि कर्म यांचा हिशोब डोक्यात बसतो. दुसऱ्या फेरीत 'अनघा' म्हणून तिसऱ्या पुरुषात लिहायचं: अनघा भांडली, अनघाने आंबोळ्या खाल्ल्या, अनघा दोन पेले प्यायली. तिसऱ्या फेरीत काही वाक्यं नकारार्थी करायची. तिथे 'होड्या सुटल्या नाहीत', 'बांगडे दिले नाहीत' यांतला शेवटचा 'त' विसरला जातो, आणि 'हलत होती'चं 'हलत नव्हती' करायच्या ऐवजी 'हलत नाही होती' असं हिंदी वळण येतं.

एक चुकलेला परिच्छेद

तपासताना साधारण असा मजकूर समोर येतो:

'आम्ही सकाळी उठले. आईने आम्हाला चहा दिलं. मी चहा पिलो आणि पोहे खाल्लं. मग आम्हीने किल्ला बघितलं. ताईने बोलली, की ती थकली होती.'

'आम्ही उठले' हे 'उठलो' हवं. चहा पुल्लिंगी, घेणारे आम्ही, म्हणून 'चहा दिला'. 'पिलो' अनेक भागांत बोललं जातं, प्रमाण रूप 'प्यायलो'. पोहे अनेकवचनी, म्हणून 'खाल्ले'. 'आम्हीने'तला 'ने' काढायचा आणि किल्ल्याशी जुळवून 'बघितला' करायचं. शेवटचं वाक्य दोनदा चुकलंय: बोलणे आणि म्हणणे यांना 'ने' लागत नाही, आणि ताईचे शब्द वर्तमानातच राहायला हवेत. 'ताई म्हणाली, की मी थकलेय.'

सगळ्या चुका एकाच लाल पेनाने एकदम दाखवल्या, तर मूल फक्त दुरुस्त्या उतरवून काढतं. त्यापेक्षा तपासणी तीन फेऱ्यांत करावी. पहिल्या फेरीत फक्त 'ने' आणि 'नी' शोधायचे आणि त्या वाक्यातलं क्रियापद कर्माशी जुळतंय का, ते बघायचं. दुसऱ्या फेरीत फक्त 'होता, होती, होतं' शोधायचे आणि प्रत्येकाला विचारायचं: ही आधीची गोष्ट आहे, चालू असलेली आहे, की नुसतीच सवयीने लागली? तिसऱ्या फेरीत मित्राला उद्देशून लिहिलेली वाक्यं बघायची, कारण 'तू'बरोबर शेवटी 'स' लागतो आणि तोच बहुधा गळतो. तू आलीस, तू आला नाहीस, आणि सकर्मक क्रियापद असेल, तर कर्माचं रूप करून वर 'स': तू पत्र लिहिलंस, तू टोपी दिलीस, तू आंबे आणलेस, तू चिंचा आणल्यास.